घडी करून ठेवलेले पांढरे आणि क्रीम रंगाचे कपडे पिवळे का पडतात? दोष त्वचेच्या तेलाचा की खळीचा?

क्रीमकॉलर

सुमारे दोन वर्षे कपाटात बंद असलेला कपड्यांचा एक गठ्ठा नुकताच उघडला आणि त्यातले दोन कपडे पिवळे पडलेले आढळले. पहिला क्रीम रंगाचा सुती शर्ट आहे. तो काही वेळा वापरून, धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलेला होता. ठेवताना त्यावर एकही डाग दिसत नव्हता, याची मला खात्री आहे. दुसरी पांढरी सुती चादर कोरी असून एकदाही अंथरलेली नाही. ती ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली, त्याच पिशवीत राहिली होती. शर्टाच्या बाबतीत घाम किंवा खळ कारणीभूत असावी, असे समजता येते. परंतु ज्या चादरीला कोणाच्या अंगाचा स्पर्शच झालेला नाही, ती पिवळी का पडावी? दोन्ही कपड्यांचे कारण एकच आहे का, आणि हा पिवळेपणा निघू शकतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निळीपुडी

इतका विचार करण्याचे कारण नाही. दोन्ही कपडे धुऊन शेवटच्या पाण्यात नीळ घालावी. कपडा पुन्हा शुभ्र दिसू लागतो. पूर्वापार हाच उपाय चालत आलेला आहे.

सूतउतारा

निळीने कपडा पांढरा दिसतो हे खरे आहे, परंतु पिवळेपणा तसाच राहतो. पिवळ्यावर थोडा निळा रंग चढला की डोळ्याला राखाडीकडे झुकणारा पांढरा रंग दिसतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय प्रश्नातला शर्ट क्रीम रंगाचा आहे आणि त्यावर नीळ घातल्यास त्याचा मूळ रंगच मळकट होईल. जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो. पूर्वी काही ठिकाणी ‘प्रशियन ब्लू’ या लोहयुक्त रंगाची नीळ वापरली जात असे. कपड्यात सोडा किंवा साबणाचा क्षार राहिला असेल, तर ती विघटित होऊन गंजाचे बारीक तपकिरी ठिपके पडत असत. अल्ट्रामरीन निळीत हा धोका नसतो, परंतु जुन्या कपड्यांवरच्या काही ठिपक्यांचे मूळ तिथे असू शकते.

क्रीमकॉलर, पिवळेपणा नेमका कुठे आहे आणि त्याची कड कशी आहे, हे सांगितल्याशिवाय कारण ठरवता येणार नाही. शर्ट पूर्ण उलगडून दिवसाच्या उजेडात पाहावा. कॉलरची आतली बाजू, कफ, काखा, घडीच्या रेघा आणि पाठीचा सपाट भाग या प्रत्येक ठिकाणी काय दिसते ते लिहावे. चादरीच्या बाबतीत फक्त बाहेरचा पदर पिवळा आहे की आतल्या घड्याही, हे विशेष लक्ष देऊन पाहावे.

कडकइस्त्री

खळीला उगाच दोष दिला जात आहे, असे मला वाटते. खळ कपड्याचे रक्षण करते. खळ घातलेल्या कॉलरवर मळ धाग्यात शिरत नाही, वरच बसतो आणि पुढच्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. मी अनेक वर्षे सगळे पांढरे शर्ट खळ घालूनच वापरतो आणि ते पिवळे पडलेले नाहीत.

सूतउतारा

कडकइस्त्री, आपले निरीक्षण अचूक आहे, मात्र ते वापरातल्या कपड्याला लागू पडते. आठवड्याला एकदा धुतल्या जाणाऱ्या शर्टावर खळीचा पातळ पापुद्रा धाग्याच्या वर राहतो, तेल आणि धूळ त्या पापुद्र्यावर बसतात आणि पाण्यात खळ सुटली की मळही सुटतो. आपला शर्ट पुनःपुन्हा पाण्यात जातो, म्हणून ती खळ कधी जुनी होत नाही. क्रीमकॉलर यांचा शर्ट मात्र खळीसकट दोन वर्षे घडीत राहिला. ज्या गुणामुळे खळ वापरात उपयोगी पडते, तोच गुण साठवणुकीत उलटतो, कारण तेलाचा जो अंश धुण्यात निघाला नाही त्यावर ती नवा थर चढवते आणि वरून गरम इस्त्री फिरते. याविषयी शर्टाचे वर्णन आल्यावर सविस्तर लिहितो.

क्रीमकॉलर

सांगितल्याप्रमाणे खिडकीपाशी उलगडून पाहिले. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला, मान टेकते तिथे, बोटभर रुंदीचा गडद पिवळा पट्टा आहे आणि त्याची कड धूसर आहे. कफाच्या दुमडलेल्या काठावर तसाच, पण फिकट पट्टा आहे. काखांत फारसे काही नाही. घडीच्या रेघा कोनापाशी पिवळ्या-तपकिरी असून पाठीच्या सपाट भागावर एक अंधुक पिवळट छटा पसरलेली आहे. चादरीची गोष्ट वेगळी आहे. तिचा फक्त बाहेरचा, प्लॅस्टिकला टेकलेला पदर लिंबासारखा स्वच्छ पिवळा झाला आहे आणि उलगडल्यावर आतल्या घड्या पूर्ण पांढऱ्या निघाल्या.

सूतउतारा

या वर्णनावरून दोन्ही कपड्यांची कारणे वेगळी आहेत, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. आधी शर्टाविषयी लिहितो.

आपल्या त्वचेतून सतत पाझरणारे तेल ताजे असताना जवळपास रंगहीन असते, म्हणून ते कापडावर दिसत नाही. त्यात स्क्वालीन नावाचा घटक साधारण दहा-बारा टक्के असतो आणि त्याच्या जोडीला काही असंतृप्त मेदाम्ले असतात. हे घटक हवेतल्या ऑक्सिजनशी सहज संयोग पावतात. सुरुवातीला कोणताही बदल दिसत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्यातून तयार झालेले तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि पिवळा, चिवट पदार्थ बनतो. चुलीजवळच्या भिंतीवर तेलाच्या वाफेचा जो चिकट पिवळा थर साचतो आणि साध्या पुसण्याने निघत नाही, तो याच प्रक्रियेने बनलेला असतो. त्यात घामातली प्रथिने आणि त्वचेच्या सूक्ष्म खपल्या मिसळल्या की रंग आणखी तपकिरी होतो, कारण तेलाच्या विघटनातून निघालेली काही द्रव्ये प्रथिनांशी संयोग पावून रंगीत पदार्थ तयार करतात.

‘ठेवताना डाग नव्हता’ हे क्रीमकॉलर यांचे म्हणणे खरेच आहे. डाग नव्हता, तेल होते. कॉलर आणि कफावर, म्हणजे जिथे त्वचा कापडाला घासते नेमकी तिथेच, धूसर कडेचा पट्टा येणे ही त्वचेच्या तेलाची खूण आहे. पाण्याचा किंवा सांडलेल्या द्रवाचा डाग असता, तर त्याची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसली असती.

भट्टीवाला

मी कपडे धुण्याच्या व्यवसायात आहे आणि एक गोष्ट सांगू इच्छितो. लोक थंड पाण्यात थोडी पावडर घालून शर्ट धुतात, कॉलर हाताने घासत नाहीत आणि शर्ट वाळल्यावर स्वच्छ दिसला की काम झाले असे समजतात. थंड पाण्यात तेल नीट सुटत नाही. आमच्याकडे साठवणीसाठी म्हणून शर्ट आला, तर कॉलर ओली करून त्यावरून बोट फिरवून पाहतात. बोट गुळगुळीत घसरले आणि पाणी चटकन शोषले गेले नाही, तर तेल शिल्लक आहे असे समजावे.

आणखी एक अनुभव असा की ड्रायक्लीन केलेले कपडेही पिवळे पडून परत येतात आणि ग्राहक आम्हाला दोष देतात. ड्रायक्लीनचे द्रावक तेल चांगले काढते, परंतु घामातले क्षार, सांडलेल्या सरबतातली साखर आणि खळ हे पाण्यात विरघळणारे पदार्थ त्याने निघत नाहीत. साखरेचा डाग तर वाळल्यावर दिसतही नाही; इस्त्रीच्या उष्णतेने किंवा काही महिन्यांनी तो तपकिरी होऊन वर येतो.

शंकेखोर

तेलाचे समजले, परंतु खळीचा नेमका दोष काय, हे अजून कोणी सांगितलेले नाही. खळ म्हणजे स्टार्च, तो मूळचा पांढरा, आणि सुती कापडही त्याच घराण्यातल्या पदार्थाचे. मग खळ पिवळी का पडेल? इस्त्री जळाल्यामुळे पिवळे पडणे ही वेगळी गोष्ट आहे, तिला साठवणुकीतले पिवळेपण म्हणता येणार नाही.

सूतउतारा

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर ‘खळ पिवळी पडते’ या एका वाक्यात देणे चुकीचे ठरेल. मला खळीचे तीन वेगवेगळे दोष दिसतात आणि त्यांचे वजन सारखे नाही.

सर्वांत मोठा दोष इस्त्रीशीच जोडलेला आहे. ओलसर खळीवर गरम इस्त्री फिरते तेव्हा खळीचा वरचा थर किंचित भाजला जातो. त्या उष्णतेत स्टार्चचे साखळीदार कण तुटून डेक्स्ट्रिन बनते, आणि डेक्स्ट्रिनचा रंग फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत असतो. इस्त्री ‘सुती’च्या खुणेवर ठेवली की तिचा तवा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि एकाच जागी थोडी रेंगाळली तर पुरे होते. सुरुवातीला ही छटा इतकी फिकी असते की क्रीम रंगावर ती दिसतच नाही. पाठीच्या सपाट भागावर पसरलेली जी अंधुक छटा क्रीमकॉलर यांनी वर्णन केली आहे, तिथे त्वचेच्या तेलाचा फारसा संबंध नसावा. जिथे इस्त्री सर्वांत जास्त फिरते तोच हा भाग आहे.

दुसरा दोष असा की खळ हवेतला ओलावा धरून ठेवते. दमट जागेत त्या ओलाव्यावर बुरशी येते आणि कसरीला तर खळ हे आवडते खाद्य आहे. खळीचे कपडे कुरतडलेले दिसतात, ते कसर मूळ कापडापेक्षा खळीच्या मागे लागते म्हणून. तिसरा दोष यांत्रिक आहे. खळीने कडक झालेला धागा घडीत वाकत नाही, मोडतो. दोन वर्षे एकाच रेघेवर घडी राहिली, तर तिथल्या तंतूंना सूक्ष्म चिरा पडतात आणि धूळ व हवेतली आम्ले तिथेच जास्त बसतात. घडीच्या कोनावरचा पिवळा-तपकिरी रंग बहुधा असाच आलेला आहे. कपाटाची फळी कच्च्या लाकडाची असेल किंवा खाली वर्तमानपत्र अंथरलेले असेल, तर त्यातून निघणारी आम्ल द्रव्ये पहिल्यांदा बाहेरच्या घडीलाच लागतात.

इस्त्री न केलेली, कोरड्या जागी ठेवलेली शुद्ध खळ केवळ काळामुळे किती पिवळी पडते, याबाबत मी ठाम बोलणार नाही. माझ्या मते फार थोडी.

कडकइस्त्री

म्हणजे दोष खळीचा नसून इस्त्रीचा आहे, हेच मी म्हणत होतो.

सूतउतारा

इस्त्री खळीशिवाय फिरली असती तर डेक्स्ट्रिन बनलेच नसते, त्यामुळे दोघींना वेगळे काढणे कठीण आहे. आणि तेलाचे काय? इस्त्रीची उष्णता कॉलरमधल्या उरलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरणही वाढवते. वर खळीचा थर असल्यामुळे ते तेल पुढच्या धुण्यापर्यंत तिथेच राहते. साठवणीच्या कपड्याला तर पुढचे धुणेच नसते.

क्रीमकॉलर

हे सगळे पटते, परंतु माझ्या शर्टात अजून खळ शिल्लक आहे की नाही, हे कसे ओळखावे? हाताला तो पूर्वीइतका कडक लागत नाही.

सूतउतारा

जखमेवर लावायचे आयोडीनचे तपकिरी औषध घेऊन त्याचे दोन थेंब एका चमचाभर पाण्यात मिसळावेत. त्या पाण्याचा एक लहानसा थेंब शर्टाच्या आतल्या शिवणीवर, जिथे तो कधीही दिसणार नाही अशा जागी, काडीने लावावा. खळ असेल तर काही क्षणांतच निळा-काळा ठिपका पडतो. नसेल तर ठिपका औषधासारखाच पिवळट-तपकिरी राहतो. तपासणी झाल्यावर क जीवनसत्त्वाची गोळी थोड्या पाण्यात विरघळवून ते पाणी ठिपक्यावर लावले की रंग नाहीसा होतो. मग तो भाग साध्या पाण्याने धुऊन टाकावा. ही तपासणी फक्त सुती आणि लिननच्या धुता येणाऱ्या कपड्यांवर करावी. नव्या कोऱ्या कापडावर घरी खळ घातलेली नसली तरी निळा ठिपका पडू शकतो, कारण विणताना ताण्याच्या धाग्यांना बहुतेक वेळा खळ लावलेली असते आणि ती पूर्ण निघालेलीच असते असे नाही.

क्रीमकॉलर

शर्टाच्या खालच्या पट्टीच्या आत थेंब लावला आणि तो पाहता पाहता जवळजवळ काळा झाला. म्हणजे खळ भरपूर आहे. क जीवनसत्त्वाच्या पाण्याने तो डाग खरोखरच पूर्ण गेला.

रेशमी

माझाही प्रश्न हाच आहे. हस्तिदंती रंगाचे रेशमी वस्त्र अनेक वर्षांनी बाहेर काढले, ते मधाच्या रंगाचे झाले आहे. मी बाजारातले क्लोरीनचे ब्लीच थोडे पातळ करून वापरण्याच्या विचारात आहे. किती प्रमाण घ्यावे?

सूतउतारा

रेशमीताई, कृपया अजिबात वापरू नका. क्लोरीन ब्लीच रेशीम आणि लोकर या दोन्हींच्या प्रथिनाचाच नाश करते. वस्त्र आणखी पिवळे होते आणि नंतर विरते. सुती कपड्यासाठी मी पुढे जो ऑक्सिजन ब्लीचचा उपाय सांगणार आहे, तोही रेशमाला चालत नाही, कारण ते द्रावण बरेच क्षारीय असते. एंझाइमयुक्त पावडरही नको, कारण तिच्यातले प्रथिने तोडणारे एंझाइम रेशमावरही चालते. जुन्या रेशमाचा पिवळेपणा पुष्कळदा मळाचा नसतो. प्रकाशाने आणि हवेने रेशमाचे प्रथिनच बदललेले असते, आणि तसे असल्यास तो काढता येत नाही. वस्त्र मौल्यवान असेल तर वस्त्रसंवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. तोपर्यंत ते अंधारात, सैल घडीत आणि क्षारविरहित साध्या आम्लमुक्त कागदात ठेवावे.

रेशमी

बरे झाले विचारले. मूळ चर्चा सुती कपड्यांची आहे हे माझ्या लक्षात आले नव्हते. वस्त्र तसेच ठेवते.

निळीपुडी

मग पांढऱ्या सुती कपड्याला तरी क्लोरीन ब्लीच चालेल ना? चादरीसाठी तेच सर्वांत सोपे आहे.

सूतउतारा

चादरीला त्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते आणि तिच्याकडे मी येतोच. शर्टावर मात्र मी ते टाळीन. घामाची प्रथिने शिल्लक असतील तर क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावून नवा पिवळा रंग देते. ‘चुण्या न पडणाऱ्या’ सुती कापडावर जी राळ चढवलेली असते, तिच्यातले काही प्रकार क्लोरीन धरून ठेवतात आणि नंतर इस्त्री केली की पिवळे पडतात. काखेतले पिवळे डाग घामरोधकातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे पडलेले असतील, तर क्लोरीनने ते अधिक गडद होताना मी पाहिले आहेत.

क्रीमकॉलर, शर्टासाठी पुढील क्रम पाळावा आणि तो उलटा करू नये. आधी खळ काढावी, मग तेल, आणि रंग सर्वांत शेवटी. खळीचा थर शाबूत असताना ब्लीच घातले तर ते खळीवर खर्च होते आणि तेल असताना घातले तर कापडापर्यंत पोहोचत नाही.

खळ काढण्यासाठी शर्ट ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात एंझाइमयुक्त धुण्याची पावडर घालून तासभर भिजत ठेवावा. पावडरच्या वेष्टनावरील घटकांमध्ये अमायलेज असल्याचे पाहून घ्यावे. स्टार्च तोडणारे एंझाइम हेच. पाणी उकळते नको, कारण तेवढ्या उष्णतेत एंझाइम निकामी होते. नंतर दोन-तीन पाण्यांत खळबळून काढावा आणि पुन्हा आयोडीनचा ठिपका लावून पाहावा. ठिपका निळा होत असेल, तर पुढे जाऊ नये. हीच पायरी पुन्हा करावी.

मग कॉलर आणि कफ यांवर द्रवरूप डिटर्जंट थेट लावून बोटांनी चोळावे, अर्धा तास तसेच राहू द्यावे आणि कोमट पाण्यात धुवावे. ताजे तेल एवढ्याने निघते. जुने, पिवळे झालेले तेल आता आपसात जोडले गेलेले असल्यामुळे साबणाला दाद देत नाही आणि म्हणूनच तिसरी पायरी लागते. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, दर लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम घ्यावे, ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि मगच शर्ट बुडवावा. शर्टाचा कोणताही भाग पाण्याबाहेर राहू देऊ नये, नाहीतर तिथे रेघ उमटते. चार ते सहा तास पुरेसे आहेत. त्यापुढे द्रावणाची शक्ती बरीच संपलेली असते, म्हणून फरक कमी वाटला तर तेच पाणी रात्रभर ठेवण्यापेक्षा नवे करावे. भांड्याला घट्ट झाकण लावू नये, कारण द्रावणातून वायू निघतो. हातमोजे घालावेत. शर्टाला धातूची बटणे असतील, तर ती आधी काढून ठेवावीत.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे शेवटचे खळबळणे. धुण्यातला क्षार कापडात राहिला, तर तोही काळाने पिवळेपणाला मदत करतो. ५ लिटर पाण्यात एक लहान चमचा लिंबूसत्व घालून त्यात शर्ट पाच मिनिटे बुडवावा आणि नंतर साध्या पाण्यात दोनदा स्वच्छ खळबळावा. लिंबूसत्वही आत राहता कामा नये, कारण सुती धागा आम्लाने कमकुवत होतो.

शंकेखोर

क्रीम रंगावर ऑक्सिजन ब्लीच वापरले तर क्रीमचा पांढरा होणार नाही का?

सूतउतारा

क्रीम दोन प्रकारचा असतो. रंगवून आणलेला क्रीम बहुधा टिकतो, तर न विरंजित केलेल्या कापसाचा नैसर्गिक क्रीम निश्चितच उजळतो. म्हणून आतल्या शिवणीचा तुकडा आधी एका वाटीत बुडवून पाहावा. खरा त्रास बहुतेक वेळा पावडरमधल्या प्रकाशीय उजाळकाचा असतो. तो दिवसाच्या उजेडात निळसर चमक देतो आणि क्रीम कापड निस्तेज पांढरट दिसू लागते. क्रीम कपड्यांसाठी उजाळक नसलेली पावडर घ्यावी. पांढऱ्या कपड्यांतला उजाळक प्रकाशाने हळूहळू नष्ट होतो आणि मग न मळताही कपडा पिवळसर भासतो, हाही गोंधळात टाकणारा प्रकार आहे.

आता चादर. फक्त प्लॅस्टिकला लागलेला पदर स्वच्छ पिवळा आणि आतल्या घड्या पांढऱ्या, हे वर्णन वस्त्रोद्योगात ‘फिनॉलिक पिवळेपणा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराशी जुळते. प्लॅस्टिकची पिशवी टिकावी म्हणून तिच्यात बीएचटीसारखे ऑक्सिडीकरणरोधक मिसळतात. ते हळूहळू पिशवीतून बाहेर पडते, हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याचा संयोग होतो आणि कापड किंचित क्षारीय असेल तर पिवळा रंग उमटतो. यात तेल नाही, खळ नाही, मळही नाही. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पिवळ्या पदराचा एक कोपरा काही तास थेट उन्हात ठेवावा, किंवा त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाकावा. फिनॉलिक पिवळेपणा असेल तर तो फिका होतो. त्वचेच्या जुन्या तेलाचा डाग एवढ्याने हलत नाही.

क्रीमकॉलर

दोन्ही कामे पूर्ण करून लिहीत आहे. चादरीचा कोपरा दुपारभर उन्हात ठेवला आणि तो इतका पांढरा झाला की उन्हातला भाग आणि सावलीतला भाग यांच्यामध्ये सरळ रेघ दिसू लागली. मग संपूर्ण चादर धुऊन शेवटच्या पाण्यात लिंबूसत्व घातले, स्वच्छ खळबळून वाळवली, आणि आता पिवळेपणा राहिलेला नाही.

शर्टाला मात्र वेळ लागला. खळ पहिल्या भिजवण्यात पूर्ण निघाली नाही. आयोडीनचा ठिपका काळ्याऐवजी जांभळट पडला, म्हणून ती पायरी पुन्हा केली. दुसऱ्यांदा ठिपका पिवळट राहिला. गंमत म्हणजे तेवढ्यानेच पाठीवरची अंधुक छटा बरीचशी गेली. परकार्बोनेटनंतर कफ स्वच्छ झाले आणि कॉलरवरचा पट्टा शोधावा लागेल इतका फिका झाला. घडीच्या कोनावरची तपकिरी रेघ मात्र जवळपास तशीच आहे. पुन्हा ब्लीच करावे का?

सूतउतारा

पाठीची छटा खळीबरोबर गेली, म्हणजे ती भाजलेल्या खळीचीच होती. कापडाला स्वतःला काही झालेले नव्हते. कॉलरसाठी आणखी एकदा भिजवायला हरकत नाही. घडीच्या रेघेसाठी मात्र मी थांबेन. तिथे रंग बाहेरून बसलेल्या पदार्थाचा नसून कापसाच्या सेल्युलोजमध्येच बदल झाल्यामुळे आलेला असण्याची शक्यता जास्त आहे. शर्ट उजेडासमोर धरून रेघेवरचा धागा इतर भागापेक्षा विरळ दिसतो का, ते पाहावे. हलक्या हाताने ताणून पाहताना बारीक करकर जाणवली, तर तंतू तुटत आहेत असे समजावे. अशा जागी ब्लीच वारंवार वापरल्यास रंग कमी होण्याआधी कापड फाटेल.

क्रीमकॉलर

उजेडासमोर रेघ थोडी विरळ दिसते. मग ती तशीच राहू देतो. आता हे कपडे पुन्हा ठेवायचे आहेत, तर कसे ठेवावेत?

सूतउतारा

शर्ट खळीशिवाय आणि इस्त्रीशिवाय ठेवावा. वापरायच्या आदल्या दिवशी खळ आणि इस्त्री करता येते. पूर्ण वाळला आहे याची खात्री करावी, कारण शिवणी आणि कॉलरचे अस्तर सर्वांत शेवटी वाळतात. प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावा आणि घडीत त्याच कापडाची सैल वळी घालावी, म्हणजे तीक्ष्ण कोन पडत नाही. वर्षातून एकदा उलगडून घडीची जागा बदलावी. फळी कच्च्या लाकडाची असेल तर मध्ये कापडाचा जाड थर असावा, आणि गरम पाण्याच्या नळांजवळची किंवा छताला लागून असलेली जागा टाळावी, कारण उष्णतेत तेलाचे पिवळे पडणे वेगाने होते.

कडकइस्त्री

इस्त्री न करता ठेवणे मला पटत नाही. चुणीवर चुणी बसून राहिली की ती नंतर निघत नाही, आणि इस्त्रीच्या उष्णतेने ओलावा जाऊन बुरशीही टळते. मी खळीशिवाय, परंतु मध्यम इस्त्री करून ठेवीन.

भट्टीवाला

आमच्याकडे दोन्ही पद्धतीने कपडे ठेवणारे आहेत. कॉलर खरोखर तेलमुक्त असेल तर मध्यम इस्त्रीने काही बिघडलेले मी पाहिलेले नाही; पण ती तेलमुक्त आहे याची खात्री दहापैकी नऊ जण करत नाहीत.

सूतउतारा

भट्टीवाला यांच्या अटीसह मध्यम इस्त्री मला मान्य आहे, परंतु जुन्या आणि विरळ झालेल्या कापडावर मी तरीही करणार नाही. क्रीमकॉलर यांच्या शर्टाची घडीची रेघ तशी आहे, म्हणून त्यांनी तो हाताने झटकून, सपाट वाळवून ठेवावा.

शंकेखोर

एक प्रश्न राहिलाच. माझ्याकडे खळ घालून, पण इस्त्री न करता ठेवलेले काही जुने सुती कापड आहे आणि ते अजून पांढरे आहे. सूतउतारा यांनी याबाबत ठाम बोलणे टाळले होते. त्यातला अर्धा भाग खळ काढून आणि अर्धा तसाच, एकाच सुती कापडात गुंडाळून, एकाच फळीवर ठेवतो. दोन्ही भागांच्या कोपऱ्यावर ठेवल्याची तारीख धाग्याने शिवून टाकली आहे. फरक दिसला की इथेच लिहीन.